‘पहिला’ म्हणजे कोणामध्ये पहिला?

१८ जानेवारी २०२३ च्या रात्री हैदराबादला शुभमन गिलने न्यूझीलंडविरुद्ध २०८ धावा केल्या आणि भारताने तो वनडे १२ धावांनी जिंकला. मी तेव्हा नोकरी सांभाळून एका छोट्या ऑनलाइन क्रीडापानासाठी काम करायचो. सामन्याचा वृत्तान्त दुसरा कुणीतरी लिहायचा. माझ्याकडे त्याच्या शेजारची चौकट असायची: विक्रम, टप्पे, ‘आकडे बोलतात’ वगैरे. त्या रात्री सामना संपल्यावर मी दहा मिनिटांत चौकट पाठवून दिली. तिच्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

वनडेत द्विशतक करणारा सर्वांत तरुण खेळाडू: शुभमन गिल, २३ वर्षे १३२ दिवस.
वनडेतलं पहिलं द्विशतक: सचिन तेंडुलकर, २०१०.

दुसऱ्या दिवशी एक मेसेज आला. पाठवणारी शाळकरी मुलगी होती, लेगस्पिन टाकणारी. तिने लिहिलं होतं, “दादा, अमेलिया केर १७ वर्षांची होती.”

मी लगेच उत्तर दिलं, “अगं, मी पुरुषांच्या क्रिकेटबद्दल लिहिलंय. उघड आहे ना.”

तिचं उत्तर आलं, “मग तसं लिहायचं ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. हा लेख म्हणजे तिच्या त्या एका वाक्याची बाजू घेऊन केलेलं भांडण आहे. भांडण माझ्याशी आहे, आणि अशी चौकट लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या, पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांशी आहे.

आधी ती बरोबर कशी होती ते पाहू. १३ जून २०१८ रोजी डब्लिनला न्यूझीलंडच्या अमेलिया केरने आयर्लंडविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय वनडेत नाबाद २३२ धावा केल्या. त्याच सामन्यात तिने लेगस्पिनवर १७ धावांत ५ बळीही घेतले. तिचा जन्म १३ ऑक्टोबर २००० चा, म्हणजे त्या दिवशी तिचं वय होतं १७ वर्षे २४३ दिवस. गिलपेक्षा ती पाच वर्षांहून अधिक लहान होती. माझी पहिली ओळ लिहिली त्या क्षणीच खोटी होती, आणि गेली साडेचार वर्षं खोटीच ठरणार होती.

दुसरी ओळ तर त्याहून जुनी खोटी. सचिनने ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केल्या त्या २४ फेब्रुवारी २०१० रोजी. पण १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या वर्ल्डकपमध्ये, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ केल्या होत्या. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२, डेन्मार्क सर्वबाद ४९. हा सामना कुठे झाला? मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर. सचिन ज्या साहित्य सहवासात वाढला, ती मराठी लेखकांची वसाहत त्याच वांद्रे पूर्वेत आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय वनडेतलं पहिलं द्विशतक मुंबईत, सचिनच्या घराच्या परिसरात झालं, आणि आपण मराठी वाचकांना वर्षानुवर्षं सांगत राहिलो की ते बारा वर्षांनी ग्वाल्हेरला झालं.

आता तुम्ही म्हणाल की ही स्त्री-पुरुष समतेची नेहमीची तक्रार आहे. ती आहेच, आणि ती योग्यच आहे. पण माझा मुद्दा त्याहून कोरडा आहे. ते वाक्य चूक होतं. भावना दुखावणारं वगैरे नंतर, आधी ते तथ्य म्हणून चूक होतं. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट ही की माझ्या लॅपटॉपवर ते बरोबर होतं.

हे कसं घडतं ते सांगतो. मी इंजिनीअर माणूस, आकडे हाताने शोधत नाही. Cricsheet या साइटवर सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदींच्या फाइल्स मोफत मिळतात. त्या उतरवून मी त्यांचा एक तक्ता केला होता आणि त्याला खेळाडूंच्या जन्मतारखा जोडल्या होत्या. त्या रात्री मी त्या तक्त्याला विचारलेला प्रश्न साधारण असा होता:

```
SELECT player, age_days
FROM innings
WHERE format = 'ODI'
  AND gender = 'male'
  AND runs >= 200
ORDER BY age_days LIMIT 1;
```

कोड वाचता येत नसला तरी हरकत नाही. पहिली ओळ विचारते ‘काय हवंय’, आणि WHERE पासून पुढच्या ओळी सांगतात ‘कशामध्ये शोध’. त्यात `gender = 'male'` स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण Cricsheet च्या प्रत्येक फाइलमध्ये ती नोंद असते आणि महिला व पुरुषांचे सामने वेगळे करायचे असतील तर ती वापरावीच लागते. यंत्रासमोर मला ‘उघड आहे ना’ म्हणता आलं नाही. उत्तर आलं, गिल. ते उत्तर त्या प्रश्नाला अगदी बरोबर होतं. मग मी ते उत्तर उचललं, प्रश्नातली ती ओळ मागेच टाकली, आणि ‘सर्वांत तरुण खेळाडू’ असं छापलं.

विक्रमांच्या चौकटीतल्या बहुतेक चुका अशाच होतात. आकडा क्वचितच चुकतो. गळते ती अट. चौकटीतलं प्रत्येक वाक्य म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर असतं, आणि आपण प्रश्न गाळून उत्तर छापतो. वाचकापर्यंत पोचते ती अट नसलेली बढाई. ती वाचक स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतो, आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी चौकट लिहिणारा तिच्यावरूनच आपली चौकट भरतो.

हे मी संपादकाला सांगितलं तेव्हा पहिला आक्षेप जागेचा आला. मोबाइलच्या स्क्रीनवर चौकट छोटी असते, प्रत्येक ओळीत ‘पुरुषांच्या’ कुठे लिहीत बसणार? मी उत्तर दिलं, ओळी कमी करा. माझ्या त्या रात्रीच्या चौकटीत अकरा ओळी होत्या. त्यातल्या किमान सहा कुणालाही नको होत्या. अकरा अर्धवट ओळींपेक्षा चार पूर्ण ओळी कमी जागेत बसतात.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक होता. डेन्मार्क म्हणजे काय प्रतिस्पर्धी? आयर्लंडचा महिला संघ तरी काय? ते खरे विक्रम धरायचे का?

यावर मी भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण देतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना तिथेच संपला. ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि सांगितली जावीच. पण ती सांगताना ‘काठियावाडची गोलंदाजी ती काय’ असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. प्रतिस्पर्धी दुबळा आहे की नाही हे फक्त बायकांच्या विक्रमांनाच का विचारायचं? सामन्याला आंतरराष्ट्रीय दर्जा होता की नाही, एवढाच प्रश्न नोंदीला विचारता येतो. दोन्ही सामन्यांना तो होता. प्रतिस्पर्धी महत्त्वाचा वाटत असेल तर त्याचं नाव ओळीत लिहा, वाचक काय ते ठरवेल. नाव लिहिणं वेगळं आणि नोंदच गाळणं वेगळं.

‘कोणाच्या क्रिकेटमध्ये’ ही एक अट झाली. तितक्याच सहजपणे गळणारी दुसरी अट म्हणजे तारीख.

‘आतापर्यंत’ हा शब्द मी चौकटीतून हद्दपार केला आहे. तो कागदावर एक दिवस टिकायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्या पेपरात भेळ बांधली जायची. ऑनलाइन पान मात्र तसंच राहतं, आणि दोन वर्षांनी शोधून येणाऱ्याला त्यातलं ‘आतापर्यंत’ आजचं वाटतं. वनडेतल्या सर्वाधिक शतकांचं घ्या. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विराट कोहलीने ४९ वं शतक करून सचिनची बरोबरी केली. १५ नोव्हेंबरला वानखेडेवर, वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात, त्याने ५० वं केलं. ‘सर्वाधिक वनडे शतके आतापर्यंत: तेंडुलकर आणि कोहली, प्रत्येकी ४९’ ही ओळ फक्त दहा दिवस खरी होती. त्यानंतरची ‘कोहली, ५०’ ही ओळसुद्धा आता जुनी झाली, कारण पुढे त्याने त्यात भर घातली. पण ‘१५ नोव्हेंबर २०२३ च्या सामन्याअखेर: कोहली ५०, तेंडुलकर ४९’ ही ओळ कधीच खोटी होणार नाही. फरक फक्त एका तारखेचा आहे.

तारखेत आणखी एक खड्डा आहे, आणि माझ्यासारखे स्क्रिप्टवाले त्यात हमखास पडतात. कसोटी पाच दिवस चालते, पण विक्रमांच्या बहुतेक तक्त्यांमध्ये डावासमोर सामना सुरू झाल्याची तारीख असते. सुनील गावसकरांनी कसोटीतली दहा हजारावी धाव अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध घेतली. तो टप्पा गाठणारे ते पहिले पुरुष फलंदाज. ती कसोटी सुरू झाली ४ मार्च १९८७ रोजी, आणि धाव आली ७ मार्चला. तक्त्यावरून आंधळेपणाने चौकट काढली तर ४ मार्च छापलं जाईल, आणि त्या दिवशी गावसकर त्या धावेपासून अजून ५८ धावा लांब होते. चेंडूगणिक फाइलसुद्धा इथे वाचवत नाही. तिच्यात सामन्याच्या सगळ्या तारखा एकत्र दिलेल्या असतात, पण अमुक चेंडू कोणत्या दिवशी पडला हे नसतं. त्यासाठी त्या दिवसाचा वृत्तान्त उघडावा लागतो. ते शक्य नसेल तर चौकटीत ‘४ मार्चला सुरू झालेली कसोटी’ असं लिहावं. ते कमी नेमकं आहे, पण खरं आहे. टप्प्याची तारीख आणि सामन्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण कोणती देतोय हे वाक्यातच दिसलं पाहिजे.

तिसरी अट म्हणजे स्रोत. इथे मला सर्वांत जास्त विरोध झाला. चौकटीखाली ‘स्रोत: अमुक’ लिहिलं की ती शाळेच्या प्रकल्पासारखी दिसते, असं मला सांगण्यात आलं. दिसू दे. स्रोत लिहायचा तो विद्वत्ता दाखवायला नाही, स्वतःच्या माहितीची कड कुठे संपते ते सांगायला.

४ डिसेंबर २०२१ चं उदाहरण घेऊ. वानखेडेवर न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने भारताच्या पहिल्या डावात ११९ धावांत सगळे १० बळी घेतले. मुंबईतच जन्मलेला हा फिरकीपटू लहानपणी आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्या संध्याकाळी मी सवयीने माझ्या तक्त्याला विचारलं, कसोटीच्या एका डावात दहा बळी कोणी घेतले? उत्तरात एकच नाव आलं, पटेल. म्हणजे हा इतिहासातला पहिलाच प्रसंग! अर्थात मी तसं लिहिलं नाही, कारण ७ फेब्रुवारी १९९९ ला दिल्लीत कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा घेतले हे क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पाठ आहे. जिम लेकरचं १९५६ चं मँचेस्टरही अनेकांना माहीत असतं. माझ्या फाइल्समधल्या पुरुषांच्या कसोट्या मुळात एकविसाव्या शतकातल्या होत्या. कुंबळे आणि लेकर त्यांच्यात नव्हतेच.

त्या दिवशी मी वाचलो तो प्रसंग प्रसिद्ध होता म्हणून. पण चौकटीतल्या बहुतेक ओळी प्रसिद्ध नसतात. ‘नवव्या क्रमांकावर येऊन’, ‘परदेशात चौथ्या डावात’, ‘पदार्पणात दोन्ही डावांत’ अशा ओळींसाठी कुणाच्या डोक्यात कुंबळे नसतो. तिथे तक्ता ‘सापडलं नाही’ म्हणतो आणि आपण ‘घडलं नाही’ लिहितो. चूक झाली हे कळायचं एक साधं लक्षण आहे: उत्तरात आलेला सर्वांत जुना प्रसंग कोणत्या वर्षाचा आहे ते बघा. कसोटी क्रिकेट १८७७ पासून चालू आहे. तुमच्या यादीत एकही नाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांपलीकडचं नसेल, तर बहुधा क्रिकेटचा इतिहास तिथे सुरू होत नाही, तुमची फाइल तिथे सुरू होते. अशा वेळी ओळ एकतर टाकायची नाही, किंवा ‘२००२ नंतरच्या कसोट्यांमध्ये’ असं स्पष्ट म्हणायचं.

आणि कधी कधी दोन चांगले स्रोत दोन वेगळे आकडे देतात, आणि दोघेही बरोबर असतात. जॅक हॉब्जची प्रथम श्रेणीतली शतकं किती? विस्डेन १९७ धरतं, क्रिकेट संख्याशास्त्रज्ञांची संघटना १९९. मधली दोन शतकं १९३०-३१ च्या हंगामातली आहेत, विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून हॉब्ज भारत आणि सिलोनमध्ये खेळले तेव्हाची. ते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे का, यावर हा फरक आहे. प्रथम श्रेणीची अधिकृत व्याख्या १९४७ मध्ये झाली, तीही मागच्या सामन्यांना लागू न करता. त्यामुळे हा वाद मोजणीचा नाही, कशाला मोजायचं याचा आहे. ‘हॉब्ज १९७’ अशी उघडी ओळ लिहिली की १९९ माहीत असलेला वाचक तुम्हाला मूर्ख समजतो. ‘१९७ (विस्डेननुसार)’ लिहिलं की त्याला भांडायला योग्य जागा मिळते. दुसरी साइट बघून खात्री केली असंही आपण म्हणतो, पण त्या साइटने पहिलीवरूनच आकडा उचलला असेल तर तो एकच स्रोत आहे, दोनदा वाचलेला.

तर मग ती चौकट कशी असायला हवी होती? मुलीचा मेसेज आल्यावर दोन दिवसांनी, शनिवारी बसून, मी ती नव्याने लिहिली. आधी सामन्याचं धावफलक उघडून गिलची धावसंख्या आणि तारीख ताडून पाहिली. मग दोन्ही जन्मतारखांवरून वय बोटांवर मोजलं. द्विशतकांची यादी पुरुष आणि महिला अशी वेगळी काढली आणि प्रत्येक नावासाठी त्या त्या सामन्याचं धावफलक पाहिलं. दीड तास गेला. ओळी उरल्या चार:

पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय वनडेतलं हे १० वं द्विशतक. पहिलं: सचिन तेंडुलकर, नाबाद २००, वि. दक्षिण आफ्रिका, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०.
महिलांच्या आंतरराष्ट्रीय वनडेत २ द्विशतकं. पहिलं: बेलिंडा क्लार्क, नाबाद २२९, वि. डेन्मार्क, मुंबई, १६ डिसेंबर १९९७. पुरुष व महिला मिळूनही हेच पहिलं.
वनडेत द्विशतक करणारा सर्वांत तरुण पुरुष: गिल, २३ वर्षे १३२ दिवस. आधीचा: ईशान किशन, २४ वर्षे १४५ दिवस, वि. बांगलादेश, चट्टोग्राम, १० डिसेंबर २०२२. सर्वांत तरुण महिला: अमेलिया केर, १७ वर्षे २४३ दिवस, वि. आयर्लंड, डब्लिन, १३ जून २०१८.
१८ जानेवारी २०२३ च्या सामन्याअखेर. सामन्यांच्या धावफलकांवरून.

तिसऱ्या ओळीकडे बघा. मोडलेला विक्रम कुणाचा आणि कधीचा, हे शेजारी लिहिल्याबरोबर एक गंमत कळते: किशनचा विक्रम जेमतेम एकोणचाळीस दिवस टिकला होता. पहिल्या चौकटीत ही बातमी माझ्या हातून निसटली होती, कारण मी फक्त नवा आकडा ओरडून सांगत होतो.

संपादक म्हणाले, जुनी चौकट काढ आणि ही गुपचूप लाव, कुणाला कळणार नाही. यावर आमचं खरंच वाजलं. ज्यांनी जुनी चौकट वाचून पुढे पाठवली होती, त्यांना कधीच कळलं नसतं की ती चूक होती. शेवटी चौकटीखाली एक ओळ गेली: ‘आधीच्या आवृत्तीत “पुरुष” हा शब्द नव्हता, त्यामुळे पहिले द्विशतक आणि सर्वांत तरुण खेळाडू या दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या. दुरुस्ती: २१ जानेवारी २०२३.’

त्या मुलीला मी लिंक पाठवली. तिने फक्त एकच विचारलं: एमआयजीचं ग्राउंड अजून आहे का? मी म्हटलं, आहे. मैदान तिथेच आहे.